कमी खाण्याचीही एक रीत असते: आठवड्याच्या इंजेक्शनानंतरची मळमळ, बद्धकोष्ठता आणि पित्ताशयातले खडे

डायबेटिससाठी किंवा वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं पुण्यात आता नवलाईची राहिलेली नाहीत. मौंजारो या नावाने टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी या नावाने सेमाग्लुटाइड आलं, आणि तेव्हापासून दवाखान्यात दर दोन-चार पेशंटांमागे कुणीतरी विचारतंच, "डॉक्टर, ते रविवारचं इंजेक्शन मला चालेल का?" चालेल की नाही हा आजचा विषय नाही. ज्यांना ते चालू झालं आहे त्यांच्या पोटात पुढे काय होतं, ते आज सांगायचं आहे.

कंपनीच्या कागदावर दुष्परिणामांची यादी असते. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, जुलाब, आणि बरंच खाली कुठेतरी पित्ताशयाचे खडे. वाचणाऱ्याला वाटतं, या सुट्या सुट्या गोष्टी आहेत, आपल्या नशिबात जी असेल ती येईल. माझा अनुभव वेगळा आहे. यातल्या तीन तक्रारी एकमेकींचा हात धरून येतात. मळमळीने खाणं तुटतं, खाणं तुटलं की शौचाला होत नाही, आणि खाणं फारच तुटून वजन धडाधड उतरायला लागलं की पित्ताशयात खडे धरण्याची जमीन तयार होते. साखळीची पहिली कडी औषधामुळे तयार होते हे खरं, पण पुढच्या दोन कड्या बऱ्याच अंशी आपण कमी कसं खातो यावर ठरतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर घेऊन जाऊ. अनेक पेशंटांच्या हकिगती एकत्र करून ते तयार केलं आहे, त्यामुळे कुणी स्वतःला त्यात शोधू नये. कोथरूडच्या एक काकू, वय ५४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. डायबेटिसला आठ-नऊ वर्षं झालेली, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी ८.१. गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. टिर्झेपटाइडचा २.५ मिलिग्रॅमचा डोस रविवारी सकाळी सुरू झाला.

आधी मळमळीचं कारण

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठराला जरा दमानं घ्यायला सांगतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. शरीरातलं हे संप्रेरक दोन-चार मिनिटांत विरून जातं. इंजेक्शनातला रेणू मात्र असा बनवला आहे की तो टिकून राहतो. सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ७ दिवस लागतात, टिर्झेपटाइडचं यायला ५ दिवस. म्हणजे पुढचं इंजेक्शन घेता तेव्हा मागचं सेमाग्लुटाइड साधारण निम्मं, तर टिर्झेपटाइड एक तृतीयांशाहून जास्त अंगात शिल्लकच असतं. ते साठत साठत चार-पाच आठवड्यांनी एका पातळीवर स्थिरावतं. डोस निदान चार आठवडे तरी वाढवायचा नाही, हा नियम यातूनच आला आहे.

मळमळ दोन ठिकाणांहून येते. मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे, ज्याचं कामच रक्तात काही विषारी फिरतंय का ते हुंगत राहणं आणि तसं वाटलं की उलटी करवणं. औषध तिथे पोचतं आणि तो भाग चाळवतो. दुसरं ठिकाण जठर. ते रिकामं व्हायला एरवीपेक्षा जास्त वेळ घेतं, त्यामुळे दुपारचं जेवण संध्याकाळीही तिथेच असू शकतं. जठराचा हा संथपणा पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस वाढवल्यावर सर्वांत जास्त असतो, मग तो बराच ओसरतो. म्हणूनच बहुतेकांची मळमळ टिकत नाही.

ती किती जणांना होते? सेमाग्लुटाइडच्या वजन उतरवण्याच्या २.४ मिलिग्रॅम डोसची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास दोन हजार माणसं होती, ६८ आठवडे चालली. औषध घेणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांना कधी ना कधी मळमळ झाली. नुसतं पाणी टोचलेल्या गटातही ती १७ जणांना झाली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. डायबेटिसच्या कमी डोसना प्रमाण याहून कमी असतं.

आपल्या काकूंचे पहिले चार आठवडे बरे गेले. सोमवार-मंगळवारी जरा अन्नावरची वासना उडायची, बुधवारपासून ठीक. वजन ८६ वरून ८४. पाचव्या रविवारी ठरल्याप्रमाणे डोस ५ मिलिग्रॅम झाला, आणि नेमकं मंगळवारी भाच्याचं लग्न. मंगल कार्यालयात मसालेभात, वर तुपाची धार, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. काकूंनी आग्रहाला मान देऊन पूर्वीच्या निम्मंच खाल्लं. संध्याकाळी पोट दगडासारखं, ढेकरांना मसालेभाताचा वास, आणि रात्री उलट्या.

यात फक्त 'किती खाल्लं' बघून चालत नाही. स्निग्ध पदार्थ मुळातच जठरातून सर्वांत हळू पुढे सरकतात. त्यात डोस नुकताच वाढलेला, त्यात इंजेक्शननंतरचा दुसरा दिवस, म्हणजे औषध रक्तात भरपूर असलेला. तिन्ही गोष्टी एका ताटात आल्या. हेच जेवण शनिवारी असतं तर काकूंना कदाचित नुसतं जड वाटलं असतं.

त्यामुळे लग्नकार्य, प्रवास, ऑफिसची पार्टी आधी माहीत असेल तर वेळापत्रक त्याभोवती बसवता येतं. डोस वाढवणं एक-दोन आठवडे पुढे ढकललं तर काही बिघडत नाही. इंजेक्शनचा वारही बदलता येतो, फक्त दोन इंजेक्शनांमध्ये टिर्झेपटाइडसाठी निदान ३ दिवस आणि सेमाग्लुटाइडसाठी निदान २ दिवस जायला हवेत. आणि वाढवलेला डोस सोसत नसेल तर डॉक्टरांशी बोलून मागच्या डोसवर परत जाणं यात कमीपणा काही नाही. पायऱ्या ठरलेल्या आहेत, त्या चढण्याची तारीख ठरलेली नाही. कमी डोसवर साखर आणि वजन व्यवस्थित उतरत असेल तर वरची पायरी हवीच कशाला, असं मी सरळ विचारतो.

जेवणाचं म्हणाल तर ताटाचं आकारमान आधी कमी करा. एकदम घेऊन मग टाकण्यापेक्षा अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, अर्धी वाटी वरण असं सुरू करा, आणि पोट 'पुरे' म्हणायला लागलं की पहिल्याच इशाऱ्याला थांबा. इंजेक्शनाआधी आपण तो इशारा ओलांडून आणखी दोन घास खात आलेलो असतो. आता ते दोन घासच वर येतात. रात्री साडेनऊला जेवून दहाला आडवं व्हायची पुणेरी सवय या औषधाशी अजिबात जमत नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. पाणी जेवताना घटाघटा पिण्यापेक्षा मधल्या वेळात घोट घोट घ्या. आल्याचा तुकडा, सुंठ, कोकमाचं पाणी यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो, त्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या 'गॅसच्या कॅप्सूल'ला. ॲसिड कमी करणाऱ्या गोळीने ही मळमळ जात नाही, कारण ती ॲसिडमुळे झालेलीच नसते.

उलटीच्या गोळीची दुसरी बाजू

काकूंनी बुधवारी घरात पडलेली ऑन्डॅनसेट्रॉनची पट्टी काढली आणि दिवसातून तीनदा, पाच दिवस घेतली. उलटी थांबली, गोळी चांगलीच आहे. पण ती आतड्याची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठता हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. आधीच संथ झालेल्या पोटावर ही दुसरी गोष्ट आली. एक-दोन दिवस, अगदी लागेल तेव्हा, डॉक्टरांना विचारून घेतली तर ठीक. रोज चालू ठेवायची ती गोळी नाही.

त्याच पाच दिवसांत काकू काय खात होत्या? चहा, मारी बिस्किटं, तांदळाची पेज. भाजी नाही, डाळ नाही, पाणीही कमीच, कारण पाण्यानेही ढवळायचं. शौच व्हायला आतड्यात काहीतरी चोथा आणि पाणी लागतं. दोन्ही नसताना सहा दिवस शौचाला झालं नाही यात आश्चर्य काही नव्हतं. वर म्हटलेल्या चाचणीत बद्धकोष्ठता शंभरातल्या २३ जणांना झाली, औषध नसलेल्या गटात सुमारे १० जणांना. मळमळीपेक्षा आकडा लहान, पण ही तक्रार जास्त रेंगाळते. मळमळ आठवड्या-दोन आठवड्यांत जाते, बद्धकोष्ठतेचा मुक्काम महिना-दीड महिना असू शकतो.

मग सहाव्या रात्री काकूंनी कुणाच्या तरी सल्ल्याने अर्धा ग्लास पाण्यात तीन मोठे चमचे इसबगोल घेतलं. पोट फुगून ढोल झालं. इसबगोल पाणी शोषून फुगतं, हाच त्याचा गुण. पण पाणी पुरेसं नसेल आणि आतडं आधीच घट्ट मळाने भरलेलं असेल, तर तो फुगलेला गोळा पुढे जायला जागाच नसते. इसबगोल मळ आधीच घट्ट होऊन अडकल्यावर घ्यायचं औषध नाही, अडकू नये म्हणून घ्यायचं आहे. एक चमचा, मोठा ग्लासभर पाणी, लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास. आठवडाभर सोसलं तर दोन चमचे.

अडकल्यावर उपयोगी पडतात ती पाणी धरून ठेवणारी औषधं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅमची पावडर ग्लासभर पाण्यात, दिवसातून एकदा, किंवा लॅक्ट्युलोजचं पातळ औषध १५ ते ३० मिलिलिटर. लॅक्ट्युलोजने गॅस जास्त होतो, म्हणून या पेशंटांना मी बहुधा पहिलीच देतो. दोन्हींना काम करायला एक ते तीन दिवस लागतात. सकाळी घेतलं आणि दुपारी झालं नाही म्हणून डोस दुप्पट करू नये. सोनामुखी असलेली चूर्णं किंवा बिसाकोडिलच्या गोळ्या आतड्याला चाबूक मारतात. अडल्या रात्री एकदा चालतं, रोजची सवय नको. आणि एक तपासून बघा, घरातल्या गोळ्यांमध्ये लोह किंवा कॅल्शियम आहे का. त्यांनीही मळ घट्ट होतो, आणि वजन उतरवणाऱ्यांना ती हमखास लिहून दिलेली असतात.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, पण किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं तेवढंच. उलट्या-जुलाब चालू असताना पाणी कमी पडलं तर किडनीवर ताण येतो. त्या दिवसांत मेटफॉर्मिन, लघवी होण्याची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिनच्या कुळातली डायबेटिसची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे फोन करून विचाराच. डापाग्लिफ्लोझिनवर असताना काहीच खाल्लं नाही तर साखर फारशी न वाढताही रक्तात घातक ॲसिड साचू शकतं, आणि ग्लुकोमीटर ते दाखवत नाही.

काकूंचं दुसरं संकट ग्लिमेपिराइडचं होतं. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. पेजेवर दिवस काढताना एका दुपारी हात थरथरायला लागले, घाम फुटला, मशीनवर साखर ६२. आठवड्याचं इंजेक्शन एकटं असेल तर साखर अशी सहसा पडत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन सोबत असेल तेव्हा पडते. इंजेक्शन सुरू करतानाच त्यांचा डोस कमी करायचा विचार व्हायला हवा होता. मळमळीत डोकं गरगरणं आणि साखर पडून गरगरणं बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून अशा वेळी आधी बोटातून रक्त काढून बघायचं, मग आल्याचा चहा.

बद्धकोष्ठता साधी राहिलेली नाही हे कसं ओळखायचं? पोट फुगत चाललंय, वायूसुद्धा सरत नाही, वर उलट्या होतायत, हे तिन्ही एकत्र दिसलं तर कुठलंही रेचक घेऊ नका. आतड्याची हालचाल बंद पडलेली असू शकते. दुर्मिळ आहे, पण या औषधांवर नोंदलं गेलेलं आहे. थेट हॉस्पिटल.

तेल-तूप बंद केल्यावर

लग्नाच्या रात्रीचा धडा काकूंनी जरा जास्तच मनावर घेतला. तुपामुळे झालं ना, मग तूप बंद, तेल बंद, शेंगदाणे बंद. शिवाय भूक नव्हतीच. चार आठवड्यांत वजन ८४ वरून ७७.५ झालं. साडेसहा किलो! बिल्डिंगमध्ये कौतुक, सुनेने फोटो काढले. मला मात्र त्या आकड्याने काळजी वाटली, कारण आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता बरीच वाढते. हे इंजेक्शनांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. कडक डाएट करणाऱ्यांत आणि वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत ते वर्षानुवर्षं दिसत आलं आहे.

यकृत रोज पित्त बनवतं, ते यकृताखालच्या छोट्या पिशवीत, पित्ताशयात, साठतं आणि घट्ट होतं. जेवणात स्निग्ध पदार्थ आला की आतडं इशारा देतं, पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात ओततं. वजन झपाट्याने उतरताना अंगावरची चरबी वितळते, तिच्यातलं कोलेस्टेरॉल यकृतात येतं आणि यकृत ते पित्तात टाकतं. पित्तातलं कोलेस्टेरॉल विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं, आणि त्याच वेळी जेवणात तेल-तूप नसल्याने पित्ताशयाला आकसण्याचं कारणच उरलं नाही. पाकात साखर जास्त झाली आणि तो न हलवता ठेवला की तळाशी खडे धरतात, तसंच हे. त्यात औषध स्वतःही पित्ताशयाचं आकसणं काहीसं मंद करतं. म्हणजे तीन कारणं झाली, आणि त्यातलं एकच औषधाच्या स्वभावातलं आहे.

धोका किती मोठा, हेही नीट सांगायला हवं, नाहीतर उद्या कुणीतरी इंजेक्शन कचऱ्यात टाकेल. २०२२ मध्ये ७६ चाचण्यांचा, एक लाखाहून जास्त माणसांचा हिशेब एकत्र मांडला गेला. दहा हजार माणसांनी वर्षभर या कुळातली औषधं घेतली, तर पित्ताशयाचे किंवा पित्तनलिकेचे आजार साधारण २७ जणांना जास्तीचे झाले. म्हणजे चारशेमागे एकाच्या आसपास. वजन उतरवण्यासाठीच्या चाचण्यांमध्ये, मोठ्या डोसला आणि दीर्घकाळ घेतल्यावर प्रमाण जास्त होतं. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया, लठ्ठपणा, डायबेटिस, घरात कुणाला खडे झालेले, या सगळ्यांत खडे औषधाशिवायही जास्त होतात. आपल्या काकू जवळजवळ सगळ्या रकान्यांत बसत होत्या.

दुरुस्ती अशी केली. ग्लिमेपिराइड बंद. इंजेक्शन चार आठवड्यांसाठी परत २.५ मिलिग्रॅमवर. रोज सकाळी पॉलिइथिलीन ग्लायकॉल, शौच नियमित झाल्यावर एक चमचा इसबगोल. आणि जेवणात तेल-तूप परत, पण मोजून. दिवसातल्या निदान एका जेवणात, शक्यतो दोन्हींत, दहा ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश हवा, म्हणजे पित्ताशय रोज एकदा तरी नीट रिकामं होतं. दहा ग्रॅम म्हणजे चहाचे दोन चमचे तेल-तूप, भाजीतलं आणि वरून घेतलेलं धरून. किंवा चमचाभर फोडणी आणि भाजीत मोठा चमचाभर शेंगदाण्याचं कूट. एवढ्याने मळमळ होत नाही. मळमळ मसालेभातावरच्या धारेने होते. लोक या दोन टोकांच्या मधे थांबतच नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

काकूंचा दिवस साधारण असा झाला. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही. अकराला ताक. दुपारी एक छोटी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर घट्ट वरण. चारला पेरू किंवा पपई. साडेसातला मुगाची खिचडी, वर एक चमचा तूप, सोबत अंडं किंवा पनीर. वजन आठवड्याला अर्धा ते पाऊण किलोने उतरायला लागलं. काकूंना वेग कमी झाल्याचं वाईट वाटलं. मला बरं वाटलं.

खडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड नावाची गोळी आहे. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर ती सहा महिने देतात आणि तिथे तिचा उपयोग दिसला आहे. इंजेक्शनांसोबत सगळ्यांना सरसकट द्यावी असं मात्र अजून कुणी सांगत नाही. फार वेगाने उतरणाऱ्या, आधीच धोका असलेल्या पेशंटाबाबत डॉक्टर तिचा विचार करू शकतात.

संकष्टीची रात्र

पाचव्या महिन्यात काकूंना रात्री अकराला पोटाच्या वरच्या भागात, जरा उजवीकडे, कळ आली. संकष्टी होती. दिवसभर चहावर आणि चंद्रोदयानंतर साबुदाणे वडे, मोदक, त्यावर तूप. पित्ताशयाच्या बाजूने बघितलं तर याहून अवघड दिवस नाही. दिवसभर ते हललं नाही आणि रात्री एकदम जोर लावून आकसलं. आत एखादा खडा तयार असेल तर तो तोंडाशी येऊन अडकण्याची हीच वेळ. साबुदाण्यात तंतू जवळपास नसतातच, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शौचाचीही बोंब. उपास करू नका असं मी सांगत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण या इंजेक्शनवर असाल तर दिवसा ताक, फळं, राजगिरा किंवा वरीसोबत दाण्याची आमटी असं थोडं थोडं पोटात जाऊ द्या, आणि रात्रीचं ताट साधं ठेवा.

काकूंना वाटलं, पित्त झालंय. ॲसिडिटीचं पातळ औषध घेतलं, दोन तासांनी कळ थांबली, म्हणून औषधाने थांबली असं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. तिसऱ्यांदा आल्यावर त्या दवाखान्यात आल्या.

ॲसिडिटी आणि खड्याची कळ यांची गल्लत फार होते. ॲसिडिटीत जळजळ असते, ती छातीकडे चढते, आंबट पाणी येतं, औषधाने किंवा थोडं खाल्ल्याने बरं वाटतं. खड्याची कळ जळजळत नाही, दाबल्यासारखी, आवळल्यासारखी असते. जड जेवणानंतर, बऱ्याचदा रात्री सुरू होते, पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि मग अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत एकसारखी राहते. कूस बदलून, ढेकर देऊन, शौचाला जाऊन फरक पडत नाही. उजव्या खांद्याच्या पात्यामागे दुखतं. आणि मग ती आपोआप जाते, म्हणूनच शेवटी घेतलेल्या औषधाला श्रेय मिळतं. औषधाच्या मळमळीशीही हिची गाठ घालू नका. औषधाची मळमळ इंजेक्शनच्या वाराशी आणि वाढत्या डोसशी जोडलेली असते, आणि तिच्यात दुखणं मुख्य नसतं. महिनोन्महिने तोच डोस सुरळीत चालू असताना अचानक दुखून मळमळ आली, तर ती इंजेक्शनच्या खात्यावर टाकू नये.

कळ सहा तासांहून जास्त टिकली, ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद पिवळी झाली, शौच पांढुरकं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. पित्ताशयाला सूज आलेली असते किंवा खडा नलिकेत उतरलेला असतो. दुखणं पोटातून थेट पाठीत आरपार जात असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर स्वादुपिंडाला सूज आली असण्याची शंका घ्यायची. ही सूज खड्यामुळेही येते आणि क्वचित औषधामुळेही. अशा दुखण्यात पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, आधी तपासणी.

तपासणी म्हणजे पोटाची सोनोग्राफी. सहा ते आठ तास उपाशी राहून करायची, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं दिसत नाही. पित्ताशयातले खडे ती सहसा चुकवत नाही. नलिकेतले मात्र चुकवू शकते, त्यासाठी रक्तातलं बिलिरुबिन आणि यकृताच्या इतर तपासण्या, गरज पडली तर एमआरआय. लायपेज या स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमचा रक्तातला आकडा या औषधांवर काहीही त्रास नसताना थोडा वाढलेला दिसू शकतो. दुखत नसेल तर नुसत्या त्या आकड्यावरून घाबरायला नको.

काकूंच्या सोनोग्राफीत ६ ते ८ मिलिमीटरचे चार-पाच खडे दिसले, नलिका मोकळी, बिलिरुबिन ठीक. इथे दोन रस्ते असतात. खडे आहेत पण कधी दुखलंच नाही, अशांपैकी दरवर्षी शंभरातल्या दोघा-चौघांनाच त्रास सुरू होतो. त्यांना बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, आणि इंजेक्शनही लक्ष ठेवून, डोस सावकाश वाढवत चालू ठेवता येतं. ज्यांना आधीपासून खडे आहेत त्यांनी हे इंजेक्शन सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगावं. दुखायला लागलेल्या खड्यांचं गणित वेगळं. ते पुन्हा पुन्हा दुखतात, आणि विरघळवण्याच्या गोळ्या फक्त छोट्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्महिने घेतल्यावर, काही जणांत चालतात. काकूंना सर्जनकडे पाठवलं, इंजेक्शन थांबवलं आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे किंवा होतं हे सांगणं अत्यंत गरजेचं आहे. जठर संथ असल्यामुळे रात्रभर उपाशी राहूनही आत अन्न उरलेलं असू शकतं, आणि भूल दिल्यावर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून आदल्या दिवशी फक्त पातळ आहार सांगतात, किंवा भुलीआधी सोनोग्राफीने जठर बघतात. मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत कुठलंही ऑपरेशन असो, किंवा एंडोस्कोपी असो, हे सांगायचंच. बरेच जण 'ते काय रोजचं औषध नाही' म्हणून औषधांच्या यादीत लिहीत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर काकूंना इंजेक्शन परत सुरू करता आलं. पित्ताशय नसणं ही त्याला आडकाठी नाही. पण मधे कित्येक आठवड्यांचा खंड पडला होता, आणि अशा खंडानंतर जुन्याच डोसवर उडी मारली तर मळमळ पहिल्यापेक्षा वाईट येते, कारण शरीराची सवय मोडलेली असते. त्या पुन्हा २.५ पासून चढल्या, आणि ५ वर थांबल्या. एचबीए१सी आता ६.६ आहे, वजन ७२. डोस आणखी वाढवूया का, असं त्या दर भेटीला विचारतात, आणि मी शौचाला रोज होतंय का ते विचारतो.